फाईल बरोबर, बेरीज बरोबर, तरी हिशेब चुकला: रकान्यातला गुपचूप बदल कसा ओळखायचा?

दूध संस्था असो, पतसंस्था असो की कारखाना, दर महिन्याला कुठून तरी एक फाईल येते आणि ती आपल्या संगणकात भरली जाते. रकाने तेच, नावं तीच, ओळी जवळपास तेवढ्याच. म्हणून आपण निर्धास्त असतो. पण फाईल जिथे तयार होते तिथे कुणीतरी एखादी सेटिंग बदलली आणि आपल्याला कळवलंच नाही, तर? रकान्याचं नाव तसंच राहतं, आतल्या आकड्याचा अर्थ मात्र बदललेला असतो.

काही बदल आरडाओरडा करत येतात. समजा, राज्याच्या रकान्यात आजवर KA आणि MH येत होतं आणि अचानक जीएसटीतले राज्य क्रमांक, म्हणजे २९ आणि २७ यायला लागले. असा बदल पहिल्याच दिवशी पकडला जातो, कारण ही किंमत यादीतच नाही. त्रास देतात ते आवाज न करणारे बदल. आकडा आकडाच राहतो, ठरलेल्या मर्यादेतही बसतो, फक्त खरा नसतो. अशा बदलाचा एक अनुभव इथे सविस्तर सांगतो. संस्थेचं नाव देत नाही आणि आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. पद्धत मात्र जशीच्या तशी आहे.

लिटर की किलो?

सीमेच्या दोन्ही बाजूंच्या गावांतून दूध घेणारी एक संस्था. संकलन केंद्रं ४०. प्रत्येक केंद्रावर दोन्ही पाळ्या मिळून रोज साधारण शंभर नोंदी, म्हणजे महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास ओळी. रकाने असे: केंद्र, तारीख, पाळी, सभासद क्रमांक, दूध, फॅट, एसएनएफ. हिशेबाचं काम माझ्याकडे होतं. दूध बिल दर दहा दिवसांनी निघायचं आणि महिन्याची पूर्ण फाईल पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला मुख्य हिशेबात भरली जायची.

आता केंद्रावरचा काटा कसा चालतो ते बघू. काटा वजन करतो, म्हणजे त्याला कळतात किलो. दुधाची घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त असते, एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. म्हणून यंत्रात १.०३ हा भागाकार बसवलेला असतो आणि फाईलमध्ये लिटर येतात. काट्यावर ५.२ किलो भरलं की फाईलमध्ये ५.०५ लिटर.

नोव्हेंबरच्या ८ तारखेला १२ केंद्रांवरच्या यंत्रांचं सॉफ्टवेअर नवीन झालं. त्यात एकक लिटरऐवजी किलोवर गेलं. रकान्याचं नाव होतं QTY, ते QTY च राहिलं. तेच दूध आता ५.२० म्हणून नोंदलं जाऊ लागलं आणि आमचा संगणक त्याला ५.२० लिटर समजून बिल काढू लागला.

सभासदाच्या पावतीवर आकडा थोडा वाढला होता, त्यामुळे तक्रार करायला कोण येणार? उलट झालं असतं, म्हणजे दर किलोवर असताना फाईलमध्ये लिटर आले असते, तर प्रत्येकाचं तीन टक्के दूध कागदावर गायब झालं असतं. तेही कदाचित लवकर लक्षात आलं नसतं. पाच लिटरमागे दीडशे मिली कमी भरलं तर ‘आज म्हशीनं कमी दिलं’ असंच माणूस म्हणतो.

नेहमीच्या तपासण्या पास झाल्या

दोन डिसेंबरला फाईल आली. आमच्या तपासण्या ठरलेल्या होत्या. ओळींची संख्या बरोबर आली. रिकामी नोंद एकही नव्हती. अर्ध्या लिटरपेक्षा कमी किंवा साठपेक्षा जास्त अशी नोंद नव्हती. सरासरी ऑक्टोबरमध्ये ६.०० होती, ती नोव्हेंबरमध्ये ६.२८ झाली होती.

सरासरी पावणेपाच टक्क्यांनी वाढली, पण नोव्हेंबरमध्ये दूध वाढतंच. म्हशी व्यायचा काळ असतो, ओला चारा असतो. त्यातले चार टक्के खरोखरच हंगामाचे होते. चुकीचा वाटा एक टक्काही नव्हता, कारण ४० पैकी १२ केंद्रं आणि तीही ३० पैकी २३ दिवस, म्हणजे एकूण नोंदींपैकी सुमारे २३ टक्केच बिघडल्या होत्या. त्यांच्यातला तीन टक्क्यांचा फुगवटा सगळ्यांच्या सरासरीत मिसळला की ०.७ टक्के उरतो. हंगामाच्या लाटेत तो दिसणं शक्यच नव्हतं.

मग सरासरी सोडून वाटणी बघितली. वाटणी म्हणजे नोंदींचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटात किती टक्के नोंदी पडल्या ते दोन्ही महिन्यांसाठी शेजारी-शेजारी मांडायचं. टक्केच घ्यायचे, संख्या नाही, कारण ऑक्टोबर ३१ दिवसांचा आणि नोव्हेंबर ३० दिवसांचा.

| दूध (लिटर) | ऑक्टोबर | नोव्हेंबर |
|---|---|---|
| ३ पेक्षा कमी | २०% | १८% |
| ३ ते ६ | ३५% | ३४% |
| ६ ते ९ | ३०% | ३१% |
| ९ आणि वर | १५% | १७% |

दोन महिन्यांतला फरक एका आकड्यात सांगायची सोपी रीत आहे. प्रत्येक गटातला फरक घ्या, चिन्ह सोडून द्या, बेरीज करा आणि निम्मी करा. इथे २ + १ + १ + २ म्हणजे ६, त्याचे निम्मे ३. याचा अर्थ शंभरातल्या तीन नोंदींनी गट बदलला. सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्येही दोन-तीन नोंदी हललेल्या होत्या. म्हणजे इथेही काही संशय घेण्यासारखं नव्हतं.

शेवटचा अंक बोलला

इथे मुद्द्याची गोष्ट येते. वाटणी कशाची बघायची हे महत्त्वाचं. दूध किती आलं हे हंगाम ठरवतो, म्हणून ती वाटणी दर महिन्याला हलणारच. पण आकडा कसा लिहिला जातो हे यंत्र ठरवतं. दशांश किती, शेवटचा अंक कोणता, मधली पायरी केवढी, या गोष्टी म्हशीच्या हातात नाहीत. हंगाम बदलला तरी त्या जवळपास स्थिर राहतात. म्हणून जेव्हा त्या हलतात, तेव्हा यंत्राकडे काहीतरी घडलंय असं समजावं.

आमचे काटे शंभर ग्रॅमच्या पायरीने चालायचे: ५.०, ५.१, ५.२ किलो. त्याला १.०३ ने भागलं की ४.८५, ४.९५, ५.०५ असे आकडे येतात. पुढे ६.५ किलोचे ६.३१, ६.८ चे ६.६०, ७.२ चे ६.९९. म्हणजे दुसऱ्या दशांशाच्या जागी सगळे अंक फिरत राहतात. शून्य कधीमधी येतं, आमच्याकडे सुमारे १२ टक्के नोंदींत यायचं. भागाकार निघून गेला आणि थेट किलो आले, की ५.००, ५.१०, ५.२०. शेवटी कायम शून्य.

ऑगस्टमध्ये शेवटी शून्य असलेल्या नोंदी १२ टक्के होत्या, सप्टेंबरमध्ये १३, ऑक्टोबरमध्ये १२. नोव्हेंबरमध्ये ३२. हंगामाने जास्तीत जास्त एखादा टक्का हलणारी गोष्ट वीस टक्क्यांनी हलली होती. दुधाच्या वाटणीत जो बदल तीनच्या फरकात दडून बसला होता, तो इथे लपूच शकला नाही.

हे मोजायला फार काही लागत नाही. एक्सेलमध्ये दूध E रकान्यात असेल तर शेजारच्या रकान्यात हे सूत्र टाकायचं आणि त्यावर पिव्होट टेबल करायचं:

```
=MOD(ROUND(E2*100,0),10)
```

माहिती डेटाबेसमध्ये असेल तर:

```sql
SELECT mahina, kendra,
       CAST(ROUND(dudh * 100) AS INTEGER) % 10 AS shevat,
       COUNT(*) AS nondi
FROM sankalan
WHERE mahina IN ('2024-10', '2024-11')
GROUP BY mahina, kendra, shevat
ORDER BY kendra, mahina, shevat;
```

यातलं `ROUND` विसरू नका. संगणक दशांश आकडा आतल्या आत किंचित कमी-जास्त साठवतो, त्यामुळे शंभरने गुणल्यावर काही वेळा पूर्ण आकड्याच्या जागी किंचित कमी आकडा येऊ शकतो आणि शेवटचा अंक चुकतो. दुसरं म्हणजे संगणक ५.१० आणि ५.१ एकच समजतो. म्हणून डोळ्यांनी शून्य शोधू नका, सूत्रानेच मोजा.

कुठे आणि कधीपासून

३२ टक्के हा आकडा सगळ्या केंद्रांचा मिळून आहे. तो फक्त सांगतो की काहीतरी झालंय. पुढची पायरी म्हणजे हीच मोजणी केंद्रवार करणं. ती केल्यावर चित्र स्वच्छ झालं. २८ केंद्रांवर शून्यांचं प्रमाण ११ ते १४ टक्के होतं आणि १२ केंद्रांवर ८० टक्क्यांच्या जवळ. अधलंमधलं एकही नाही. हंगामाचा किंवा चाऱ्याचा परिणाम असता तर सगळीकडे थोडा-थोडा दिसला असता.

आम्ही आधी अंदाज केला की ही सगळी एकाच राज्यातली केंद्रं असतील, कारण दोन्हीकडचे नियम वेगळे. तो अंदाज खोटा ठरला. बारांपैकी काही सीमेच्या अलीकडची होती, काही पलीकडची. त्यांच्यात सारखं होतं ते इतकंच की यंत्र एकाच पुरवठादाराचं होतं.

मग त्या बारा केंद्रांची मोजणी दिवसवार केली. एक ते सात तारखेपर्यंत १२ टक्के. आठ तारखेच्या सकाळच्या पाळीपासून १००. एका केंद्राच्या सचिवांना फोन केला. ते म्हणाले, “हो की, आठवड्याभरापूर्वी नाही, महिना होत आला बघा. मशीनवाला पोरगा आला होता, अपडेट मारून गेला. आम्हाला काय, आकडा येतोय म्हटल्यावर झालं.”

हंगामी बदल उतारासारखा असतो, रोज थोडा-थोडा. सेटिंगचा बदल पायरीसारखा असतो, एका पाळीत पूर्ण. दिवसवार मोजणीत पायरी दिसली की कारण शोधायला गोठ्यात जायची गरज नाही, यंत्राकडेच जायचं.

तरीही एवढ्यावर निकाल दिला नाही. दुसऱ्या बाजूने खात्री केली. त्या केंद्रांवरून शीतकरण केंद्राला गेलेल्या टँकरचं वजन वेगळ्या काट्यावर होतं. सभासदांकडून घेतलेले लिटर आणि टँकरमधले लिटर यांतली घट आठ तारखेपासून नेमकी तीन टक्क्यांनी वाढलेली निघाली. दोन वेगळ्या वाटांनी एकच तारीख आली, तेव्हा खात्री पटली.

पैशात किती?

बारा केंद्रं, प्रत्येकी रोज ६०० लिटर धरले तर ७,२०० लिटर. त्याचे तीन टक्के २१६ लिटर. लिटरला ३६ रुपये धरून रोजचे ७,७७६ रुपये जास्त. आठ ते वीस तारीख, म्हणजे १३ दिवसांची बिलं आधीच वाटली गेली होती: १ लाख १ हजार ८८ रुपये. शेवटच्या दहा दिवसांचं बिल मात्र अजून निघायचं होतं, त्यातले ७७,७६० रुपये वाचले.

रोज दहा लिटर घालणाऱ्या एका सभासदाला त्या १३ दिवसांत सुमारे १४० रुपये जास्त गेले होते. रक्कम छोटी, पण परत मागताना सचिवांना प्रत्येक दारात समजावून सांगावं लागलं. “तुम्हीच दिलेली पावती आहे, आता तुम्हीच खोटी म्हणताय होय?” हा प्रश्न एका काकींनी विचारला तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी संचालकांनी ती वसुली तीन बिलांत विभागली.

यातून पहिला बदल केला तो वेळेचा. महिन्याची तपासणी महिना संपल्यावर करून उपयोग नाही. आता दर दहा दिवसांनी, बिल निघण्याआधी, शेवटच्या अंकाची वाटणी बघितली जाते. ही तपासणी दहा तारखेला केली असती तर फक्त तीन दिवसांचा घोळ निस्तरावा लागला असता.

दुरुस्ती करताना

फाईलमधले आकडे सरसकट १.०३ ने भागायचे नाहीत. फक्त त्या बारा केंद्रांचे, फक्त आठ तारखेच्या सकाळच्या पाळीपासूनचे. आणि मूळ फाईलला हात लावायचा नाही, दुरुस्त आकडा वेगळ्या रकान्यात ठेवायचा, शेजारी एककाचा रकाना जोडायचा. दुधाची खरी घनता फॅट आणि एसएनएफप्रमाणे थोडी बदलते, तरी इथे भागायचं १.०३ नेच, कारण जुनं यंत्र त्यानेच भागत होतं आणि बिलाचा दर त्याच लिटरवर ठरलेला होता.

ही पद्धत कुठे फसते

तीन ठिकाणं सांगतो.

पहिलं, तुलना फक्त गेल्या महिन्याशी केली तर. समजा, नोव्हेंबरमध्ये आमच्या लक्षात आलंच नसतं. मग डिसेंबरची तुलना बिघडलेल्या नोव्हेंबरशी झाली असती. त्यातही फरक दिसला असता, कारण डिसेंबरमध्ये पूर्ण महिना किलो असता. पण जानेवारीची तुलना डिसेंबरशी केली असती तर फरक शून्य. दोन्ही सारखेच चुकलेले, म्हणून सगळं ठीक! यावर उपाय एकच. पूर्ण तपासून खात्री केलेला एक महिना कायमचा ‘नमुना’ म्हणून बाजूला ठेवायचा आणि प्रत्येक नवीन फाईल गेल्या महिन्याशीही ताडायची, नमुन्याशीही.

दुसरं, काटा दहा ग्रॅमच्या पायरीने चालत असेल तर. मग किलोमध्येही दुसऱ्या दशांशावर सगळे अंक येतात आणि लिटरमध्येही. शेवटचा अंक काहीच सांगत नाही. अशा वेळी प्रत्येक सभासदाची त्याच्याच आधीच्या आठवड्याशी तुलना करावी लागते: या आठवड्याची सरासरी भागिले मागच्या आठवड्याची. हंगाम आठवड्याला जेमतेम एक टक्का हलवतो, म्हणजे केंद्रातल्या मधल्या सभासदाचं गुणोत्तर १.०१ च्या आसपास असतं. ते एखाद्या केंद्रात अचानक १.०४ झालं आणि शेजारच्या गावात १.०१ च राहिलं, तर त्या केंद्राच्या यंत्राची सेटिंग बघायला जायचं.

तिसरं, धोक्याची रेषा कुठे आखायची. आकडेशास्त्रातल्या कसोट्या लावल्या तर लाख-सव्वा लाख नोंदींत अर्ध्या टक्क्याचा फरकही ‘लक्षणीय’ ठरतो आणि दर महिन्याला घंटा वाजते. दोन-तीनदा उगाच वाजली की चौथ्यांदा कुणी बघतही नाही. म्हणून रेषा स्वतःच्या जुन्या नोंदींवरून आखावी. मागच्या वर्षभरात लागोपाठच्या दोन महिन्यांत शेवटच्या अंकाची वाटणी जास्तीत जास्त किती हलली ते बघायचं. आमच्याकडे ती दोन टक्क्यांच्या वर कधी गेली नव्हती, म्हणून आम्ही रेषा पाचवर ठेवली. ती केंद्रवार लावली, कारण एकाच केंद्रात बदल झाला तर ४० केंद्रांच्या बेरजेत तो बुडून जातो.

रेषा ओलांडली म्हणजे फाईल चुकीचीच असं नाही. एखाद्या केंद्राने नवीन काटा घेतला, तर वाटणी हलणारच आणि ते योग्यच असेल. म्हणून आमच्याकडे आता नियम असा आहे की घंटा वाजली की त्या केंद्राचं बिल थांबतं, सचिवांना फोन जातो आणि एकच प्रश्न विचारला जातो: “मशीनला कुणी हात लावला काय?” उत्तर मिळून ते वहीत लिहिलं गेल्यावरच बिल पुढे जातं.